मेंटेनन्स विंडो रविवारच्या एक्स्पोर्टवर पुन्हा पुन्हा आदळते. आयटी डेस्कला काय लिहू?

पाटोची_मैना | १९ जानेवारी २०२६, रात्री ९:१०

मी पणजीत एका हॉटेल समूहाच्या रेव्हेन्यू टीमची लीड आहे. आमची तीन हॉटेलं आहेत: कळंगुट, कांदोळी आणि मोरजी. दर रविवारी पहाटे २:४५ ला हॉटेलच्या सॉफ्टवेअरमधून आठवड्याची बुकिंग आणि बिलांची फाईल आपोआप निघते. साडेपाचला रेट ठरवणारी प्रणाली ती उचलते आणि पुढच्या आठवड्याचे खोल्यांचे भाव लावते.

सॉफ्टवेअर कंपनी लंडनची आहे. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी रात्री त्यांची मेंटेनन्स विंडो असते. त्या रात्रीनंतरची फाईल अर्धवट येते. १६ नोव्हेंबरला आली, २१ डिसेंबरला आली, काल १८ जानेवारीलाही आली. एरवी साधारण ४,२०० ओळी असतात, काल २,९०० होत्या. मोरजीचं नावच नव्हतं.

डिसेंबरात याचा फटका बसला. मोरजीची बुकिंग फाईलमध्ये नाहीत म्हणून प्रणालीला वाटलं हॉटेल रिकामं आहे, आणि नाताळच्या आठवड्याचे भाव तिने खाली आणले. दुपारी आमच्या लक्षात येईपर्यंत १९ खोल्या त्या भावाला गेल्या होत्या.

प्रत्येक वेळी मी तिकीट टाकते. सोमवारी अकराला मुंबईचा आमचा आयटी डेस्क एक्स्पोर्ट पुन्हा चालवतो आणि तिकीट बंद करतो. कालच्या तिकिटावर शेरा आहे: "विंडो ११:३० ते २:३०, एक्स्पोर्ट २:४५. पंधरा मिनिटांचं अंतर आहे. टक्कर नाही."

मी लिहायला घेतलेलं पत्र असं आहे:

"सलग तिसऱ्यांदा तुमच्या मेंटेनन्समुळे आमचा एक्स्पोर्ट बिघडला आहे. याची जबाबदारी कोण घेणार? यापुढे शनिवारी मेंटेनन्स करू नये."

पाठवू का?

---

तिखट_आमसूल | ९:२२

पाठवा. सोमवारी अकराला तेही बंद करतील.

---

वास्कोकर | ९:४०

ताई, एक्स्पोर्टला पोर्टल बंद असेल तर शिपिंग बिल आदल्या दिवशीच भरून ठेवा. आम्ही मुरगावला तसंच करतो. शनिवारी रात्रीपर्यंत थांबायचंच कशाला? आणि माल नक्की कोणता आहे? मासळी असेल तर गोष्ट वेगळी.

---

पाटोची_मैना | ९:४४

दादा, माल नाही हो. कॉम्प्युटरमधून फाईल बाहेर काढतात, त्या एक्स्पोर्टबद्दल म्हणतेय. 🙂

---

वास्कोकर | ९:४६

अरेच्चा. मी तीस वर्षं कस्टम्सची कामं करतो, एक्स्पोर्ट म्हटलं की मला बोटच दिसते. वाचतो आता गप्प.

---

सुशेगाद७ | १०:०५

मला तर कारण उघड दिसतंय. तुमच्या तिन्ही तारखा नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. म्हणजे सीझन. पावसाळ्यात हॉटेलं अर्धी रिकामी, फाईल लहान, दोन मिनिटांत काम संपतं. सीझनला ओळी दुप्पट होतात, एक्स्पोर्ट लांबतो आणि सर्व्हर दमतो. विंडोचा यात काही संबंध नाही. आयटी डेस्क बरोबर सांगतोय. सर्व्हर मोठा घ्या.

---

लॉगवाचक | १०:३१

सुशेगाद, सीझन आणि बिघाड एकत्र आले हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. कारण मात्र मला पटत नाही. सर्व्हर गर्दीने दमत असता तर २८ डिसेंबरची फाईल सगळ्यात वाईट आली असती, कारण वर्षातला सगळ्यात भरलेला आठवडा तोच.

पाटोची_मैना, तीन गोष्टी सांगा. २८ डिसेंबर आणि ४ जानेवारीच्या फाईली कशा होत्या? हा एक्स्पोर्ट कधीपासून चालू आहे? आणि ११:३० ते २:३० ही वेळ आयटी डेस्ककडे आली कुठून?

---

पाटोची_मैना | ११:०२

आत्ताच सगळ्या फाईली उघडून पाहिल्या. २८ डिसेंबरला ५,१०० ओळी, पूर्ण. ४ जानेवारीही पूर्ण. बिघाड फक्त विंडोच्या रात्रीचाच आहे.

एक्स्पोर्ट गेल्या मेच्या शेवटी सुरू झाला. जून ते ऑक्टोबर पाच विंडो गेल्या (२१ जून, १९ जुलै, १६ ऑगस्ट, २० सप्टेंबर, १८ ऑक्टोबर) आणि पाचही वेळा फाईल नीट आली.

विंडोची वेळ आयटी डेस्कच्या मेलमध्ये असते. दर महिन्याला तोच मेल येतो, फक्त तारीख बदलते.

---

सुशेगाद७ | ११:१०

५,१०० ओळी पूर्ण आल्या? मग माझं म्हणणं बसत नाही. ठीक.

मग टाइमझोन! सर्व्हर यूटीसीवर असणार, साडेपाच तासांचा घोळ.

---

लॉगवाचक | ११:२५

जवळ आलास. पण साडेपाच तासांचा घोळ बाराही महिने तेवढाच राहतो. तो असता तर जूनमध्येही फाईल तुटली असती. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या मध्ये काहीतरी हललंय, आणि आपल्याकडे तर काहीच हललेलं नाही.

---

रात्रपाळी | २० जानेवारी, पहाटे ३:३५

मी कांदोळीला दुसऱ्या एका हॉटेलात नाइट ऑडिट करतो. सॉफ्टवेअर बहुधा हेच, कारण तिसऱ्या शनिवारी आमचीही स्क्रीन अडकते. पावसाळ्यात साडेअकराच्या सुमारास अडकायची. आता साडेबाराला अडकते आणि दीडच्या आसपास सुटते. नेमकी चार्टरची मंडळी रिसेप्शनवर सामान घेऊन उभी असतात तेव्हाच, म्हणून वेळ पक्की लक्षात आहे. मला वाटलं होतं त्यांनी वेळ बदलली असेल.

पावणेदोनला मी दिवस बंद करायला घेतो तेव्हा सगळं सुरळीत असतं.

---

लॉगवाचक | २० जानेवारी, सकाळी ८:१५

रात्रपाळी, देव बरें करूं. कोडं सुटलं.

त्यांनी वेळ बदललेली नाही. लंडनची घड्याळं बदलली. तिथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे करतात. गेल्या वर्षी मागे घेतलं २६ ऑक्टोबरला. कंपनीची विंडो लंडनच्या घड्याळाने शनिवारी संध्याकाळी ७ ते रात्री १० असणार. उन्हाळ्यात ती आपल्याकडे ११:३० ते २:३० पडते, हिवाळ्यात १२:३० ते ३:३०. मेमध्ये कोणीतरी एकदा हिशेब केला आणि तोच मेल महिन्यामागून महिना पुढे जातोय.

कोणत्याही लिनक्स मशीनवर बघता येईल:

```
TZ=Europe/London date -d 'TZ="Asia/Kolkata" 2025-07-20 02:45' +'%a %H:%M %Z'
Sat 22:15 BST
TZ=Europe/London date -d 'TZ="Asia/Kolkata" 2026-01-18 02:45' +'%a %H:%M %Z'
Sat 21:15 GMT
```

म्हणजे तुमचा २:४५ चा एक्स्पोर्ट जुलैमध्ये विंडो संपल्यावर पंधरा मिनिटांनी सुरू झाला होता. जानेवारीत तोच एक्स्पोर्ट विंडो संपायच्या पंचेचाळीस मिनिटं आधी सुरू झाला. आयटी डेस्कचं पंधरा मिनिटांचं अंतर खोटं नाही, ते उन्हाळ्याचं आहे.

रात्रपाळीच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट दिसते. मुख्य सर्व्हर ते पहिल्या तासात हाताळतात, म्हणून रिसेप्शनला दीडनंतर काही जाणवत नाही आणि तक्रारही कोणी करत नाही. रिपोर्ट काढणारा सर्व्हर बहुधा शेवटच्या तासात रीस्टार्ट होतो, म्हणजे आत्ता २:३० ते ३:३० मध्ये. हा माझा अंदाज आहे, कंपनीकडून खात्री करून घ्या. पण एक हॉटेल पूर्ण, दुसरं अर्धं, तिसरं गायब अशी फाईल मध्येच जोडणी तुटल्यावर येते.

---

सुशेगाद७ | ८:४०

आणि गोव्याचा सीझन नेमका युरोपच्या हिवाळ्यात, म्हणून मी फसलो. घड्याळ मागे घेऊनच ते लोक इकडे येतात!

---

पाटोची_मैना | ९:०५

मी आठ महिने तो मेल वाचतेय आणि एकदाही वाटलं नाही. मग पत्रात "तुमचा हिशेब चुकला" एवढंच लिहू?

---

तिकीटवाला | १०:२०

मी दुसऱ्या एका कंपनीच्या आयटी डेस्कवर बसतो. पलीकडच्या बाजूने सांगतो.

तुमचं पहिलं पत्र माझ्याकडे आलं असतं तर "मेंटेनन्स करू नये" वाचून मी ते साहेबांकडे सरकवलं असतं. पॅच लावणं थांबवायचा अधिकार मला नाही. "जबाबदारी कोण घेणार" याचं उत्तर तर आमच्याकडे कोणीच लेखी देत नाही.

तिकिटं का बंद होतात तेही सांगतो. तुमच्या प्रत्येक तिकिटात मागणी एकच होती: फाईल द्या. फाईल दिली, तिकीट संपलं. नोव्हेंबरचं ज्याने बघितलं त्याने डिसेंबरचं पाहिलेलंही नसेल. तिन्ही क्रमांक एकत्र देऊन प्रॉब्लेम तिकीट उघडायला सांगा. ते फाईल देऊन बंद करता येत नाही, कारण लिहावं लागतं.

आणि एक्स्पोर्टच्या नोंदीत त्या रात्री काय लिहिलंय ते विचारा. यशस्वी लिहिलं असेल तर खरं दुखणं तिथे आहे.

---

पाटोची_मैना | १०:४१

तिन्ही रात्री "यशस्वी" लिहिलंय. हिरवी टिकली सुद्धा.

---

लॉगवाचक | ११:००

म्हणजे फाईल तयार झाली की तो काम झालं मानतो, आत किती माल आला ते मोजत नाही. अर्धवट फाईल न आलेल्या फाईलपेक्षा वाईट. फाईल आलीच नसती तर रेटच्या प्रणालीने जुने भाव ठेवले असते आणि तुमच्या १९ खोल्या वाचल्या असत्या.

उपाय म्हणून विंडो हलवायला सांगू नका. ती त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांची आहे, तीन हॉटेलांसाठी हलणार नाही. एक्स्पोर्ट तुमचा आहे, तो हलवा. ३:३० ला विंडो संपते, पण कधी लांबलीय का?

---

पाटोची_मैना | ११:१५

डिसेंबरात "काम पूर्ण" असा त्यांचा मेल ३:५० ला आला होता. एक्स्पोर्टला बारा मिनिटं लागतात. साडेपाचला फाईल उचलली जाते. मग साडेचार?

---

लॉगवाचक | ११:२२

साडेचार चालेल. प्रत्येक रविवारी, फक्त विंडोच्या रविवारी नाही.

---

सुशेगाद७ | ११:३०

प्रत्येक रविवारी कशाला? फक्त तिसऱ्या रविवारी साडेचारला ठेवा, बाकी आहे तसं.

---

लॉगवाचक | ११:४८

कॅलेंडर उघड. फेब्रुवारी २०२६ ची पहिली तारीख रविवार आहे. तिसरा शनिवार २१ ला येतो, पण तिसरा रविवार १५ ला. २१ च्या रात्रीनंतर उजाडणारा २२ हा चौथा रविवार. मार्चमध्येही तसंच. नोव्हेंबर ते जानेवारी तिन्ही वेळा तो तिसराच रविवार होता, म्हणून नियम बरोबर वाटतो. महिना रविवारी सुरू झाला की तो नियम मोडतो.

---

वास्कोकर | १२:०५

मी गप्प बसणार होतो, पण एक सांगतो. आमच्या धंद्यात बोट किती वाजता लागणार यावर गाडी सोडत नाहीत. बोट उशीर करते, लवकरही येते. बंदराकडून गेट उघडल्याचा निरोप आला की गाडी सुटते. तुमचा तो "काम पूर्ण" मेल म्हणजे गेटचा निरोपच ना? त्यावर फाईल सोडता येत नाही का?

---

लॉगवाचक | १२:१५

दादा, मला जे सुचायला हवं होतं ते तुम्ही बोललात. घड्याळापेक्षा निरोपावर चालवणं केव्हाही चांगलं. पण तो मेल माणूस पाठवतो की यंत्र, आणि दर वेळी येतो का, ते कळलं पाहिजे. मैनाताई, प्रश्न म्हणून टाका, मागणी म्हणून नको.

---

पाटोची_मैना | २० जानेवारी, संध्याकाळी ६:३०

हे पाठवलं:

> विषय: रविवारचा २:४५ चा एक्स्पोर्ट विंडोच्या रात्री अर्धवट, प्रॉब्लेम तिकीट उघडण्याची विनंती
>
> नमस्कार,
>
> १६ नोव्हेंबर, २१ डिसेंबर आणि १८ जानेवारी या तीन रविवारी आमची फाईल अर्धवट आली. तिन्ही तिकिटांचे क्रमांक खाली देत आहे. मधल्या सगळ्या रविवारी, २८ डिसेंबरच्या सर्वांत मोठ्या फाईलसह, ती पूर्ण आली. जून ते ऑक्टोबरच्या पाचही विंडोंनंतरही पूर्ण आली.
>
> आपल्या सूचनेत विंडोची वेळ ११:३० ते २:३० आहे. ती लंडनच्या उन्हाळी वेळेप्रमाणे काढलेली दिसते. २६ ऑक्टोबरला तिथली घड्याळं एक तास मागे गेल्यामुळे आत्ता विंडो १२:३० ते ३:३० पडत असावी, आणि आमचा एक्स्पोर्ट तिच्या आत सुरू होत असावा. कृपया कंपनीकडून याची खात्री करावी.
>
> विनंती दोन. पहिली, एक्स्पोर्ट प्रत्येक रविवारी पहाटे ४:३० ला ठेवावा; आम्हाला फाईल ५:३० पर्यंत मिळाली तरी चालते. दुसरी, तिन्ही हॉटेलांच्या ओळी नसतील तर फाईल पुढे पाठवू नये आणि नोंद "यशस्वी" होऊ नये.
>
> एक प्रश्न: विंडो संपल्याचा मेल यंत्र पाठवतं का? तसं असेल तर एक्स्पोर्ट त्यावर सुरू करता येईल का?
>
> पुढची विंडो २१ फेब्रुवारीच्या रात्री आहे. त्याआधी पहिली विनंती पूर्ण झाली तर बरं होईल. काही केलं नाही तरी एप्रिलमध्ये बिघाड आपोआप थांबेल आणि नोव्हेंबरमध्ये परत सुरू होईल, म्हणून तिकीट तेव्हा बंद होऊ नये.

१९ खोल्यांबद्दल काही लिहिलं नाही. साहेबांना वेगळं सांगितलं.

---

तिकीटवाला | ७:०५

शेवटचं वाक्य लाखाचं. आमच्याकडे असे किती बिघाड एप्रिलमध्ये "बरे" झाले असतील देव जाणे.

फक्त १९ खोल्या लिहायला हव्या होत्या. आम्ही तिकिटांचा क्रम त्यावरून लावतो. रागाने लिहिलेलं आम्ही वाचत नाही, आकडा वाचतो.

---

पाटोची_मैना | २४ जानेवारी

उत्तर आलं. घड्याळाचं कंपनीने मान्य केलं, रिपोर्ट सर्व्हर शेवटच्या तासात रीस्टार्ट होतो हेही. आयटी डेस्क म्हणतो, एक्स्पोर्टची वेळ बदलली. ओळी मोजण्याचं काम कंपनीकडे पाठवलंय. मेलबद्दल काही नाही.

---

पाटोची_मैना | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

आज फाईल अर्धवट. १,८०० ओळी, फक्त कळंगुट आणि थोडी कांदोळी.

शेड्यूल बघायला मागितलं. त्यांनी "प्रत्येक रविवार" न लावता "तिसरा रविवार ४:३०" असं लावलंय. कार्निव्हलच्या रविवारी, १५ ला, काही कारण नसताना फाईल साडेचारला निघाली होती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आज २:४५ ला निघाली आणि तुटली.

भाव मी सहा वाजता हाताने लावले. गेल्या वेळेनंतर विंडोच्या रविवारचा गजर लावून ठेवलाय.

---

सुशेगाद७ | ८:१०

आयटी डेस्कमध्ये मी नाही हो. शपथ!

---

लॉगवाचक | ८:३०

त्याच तिकिटावर लिहा, नवीन उघडू नका. १५ आणि २२ या दोन्ही तारखांच्या फाईलची निघालेली वेळ द्या, बाकी काही नको. २१ मार्चची विंडो अजून हिवाळ्यातच आहे, लंडनची घड्याळं २९ मार्चला पुढे जातील. म्हणजे तपासायला आणखी एकच रात्र हातात आहे. ती गेली की ऑक्टोबरअखेरपर्यंत सगळं हिरवंच दिसेल.

---

पाटोची_मैना | २३ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

लिहिलं, या वेळी १९ खोल्यांसकट. तासाभरात फोन आला, पहिल्यांदाच. शेड्यूल आता "प्रत्येक रविवार ४:३०" आहे, स्क्रीनचा फोटो मागवून घेतला. ओळी मोजण्याबद्दल कंपनी म्हणते पुढच्या आवृत्तीत बघू.

---

रात्रपाळी | २४ फेब्रुवारी, पहाटे ३:१०

आणि आमची साडेबाराची स्क्रीन? चार्टरवाले अजून उभेच आहेत.